विश्लेषण : ४५ हजारांचा लॅपटॉप खरोखर कितीला पडतो?

गेल्या काही महिन्यांत लॅपटॉप घ्यायला गेलेल्या अनेकांना दुकानात एकच वाक्य ऐकू आले असेल : ‘आत्ताच घ्या, पुढे महाग होणार.’ या वाक्यात विक्रीची घाई असली तरी ते अगदीच निराधार नाही. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना लागणारी मेमरी अधिक नफा देणारी असल्याने या कंपन्यांचा ओढा तिकडे वाढला आणि २०२५ च्या अखेरीपासून साध्या संगणकांत बसणाऱ्या रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशल’ या नावाने ग्राहकांना थेट रॅम आणि एसएसडी विकण्याचा व्यवसायच बंद करण्याचे जाहीर केले. त्याआधी, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि अनेकांचे चालते लॅपटॉप एका दिवसात ‘जुने’ ठरले.

या दोन्ही घडामोडींमुळे आहे तो लॅपटॉप चालवायचा की नवा घ्यायचा, आणि घ्यायचाच तर कोणता, हा प्रश्न घरोघरी पुन्हा आला आहे. त्याचे उत्तर शोधताना बहुतेक जण फक्त किमतीची पाटी पाहतात. लॅपटॉपचा खरा खर्च मात्र बॅटरी, दुरुस्ती आणि शेवटी तो विकून हाती काय येते, यावर ठरतो. यातले बरेचसे खरेदीच्या दिवशीच ठरून गेलेले असते.

खरा खर्च मोजायचा कसा?

हिशेब सोपा आहे. लॅपटॉपची किंमत घ्यावी. त्यात तो वापरताना झालेला बॅटरीचा, दुरुस्तीचा आणि वाढीव वॉरंटीचा खर्च मिळवावा. विकताना आलेली रक्कम त्यातून वजा करावी. उरलेल्या आकड्याला तो जितकी वर्षे कामाचा राहिला त्या वर्षांनी भागावे. येते ती रक्कम म्हणजे त्या लॅपटॉपचे दर वर्षाचे भाडेच.

विजेचा खर्च यात धरावा का, असे काही जण विचारतात. सरासरी ३० वॅट घेणारा लॅपटॉप रोज ८ तास, वर्षाचे ३०० दिवस चालला तर ७२ युनिट होतात. १० रुपये युनिटने धरले तरी वर्षाला ७२० रुपये. स्वस्त आणि महाग लॅपटॉपमध्ये हा आकडा फारसा बदलत नाही, म्हणून तो बाजूला ठेवला तरी चालतो.

आता एक उदाहरण. पुण्यात अभियांत्रिकीला प्रवेश घेतलेल्या मुलीसाठी घरचे लॅपटॉप बघत आहेत. त्यांच्यासमोर तीन पर्याय आहेत. पुढचे आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. आपल्या गावातले आणि आपल्या मॉडेलचे दर त्या जागी घालावेत.

पहिला पर्याय ४५,००० रुपयांचा, पातळ आणि देखणा. रॅम ८ जीबी, तीही मदरबोर्डला सोल्डर केलेली. वॉरंटी एक वर्षाची. तिसऱ्या वर्षी बॅटरीला ३,५०० आणि तुटलेली बिजागरी व तिच्यासह बदलाव्या लागलेल्या वरच्या झाकणाला ४,५०० रुपये गेले. चौथ्या वर्षाअखेर ८ जीबी रॅम पुरेनाशी झाली, वाढवता येत नव्हती, म्हणून लॅपटॉप ८,००० रुपयांना विकला. एकूण खर्च ५३,०००, वजा ८,०००, म्हणजे ४५,०००. चार वर्षांनी भागले की वर्षाला ११,२५० रुपये.

दुसरा पर्याय ५८,००० रुपयांचा. कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांसाठी घेतात त्या ‘बिझनेस’ मालिकेतला, दिसायला जरा ओबडधोबड. रॅम १६ जीबी आणि खाचेत बसवलेली, वॉरंटी तीन वर्षांची. चौथ्या वर्षी पंख्याची सफाई आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट यांना १,५०० रुपये लागले, पाचव्या वर्षी कंपनीच्या मूळ बॅटरीला ५,५०० रुपये. सहा वर्षांनी ९,००० रुपयांना विकला. एकूण ६५,०००, वजा ९,०००, म्हणजे ५६,०००. सहा वर्षांनी भागले की वर्षाला सुमारे ९,३३० रुपये.

तिसरा पर्याय एखाद्या कंपनीने वापरून काढलेला, दुरुस्त करून विकला जाणारा, म्हणजेच रिफर्बिश्ड लॅपटॉप. किंमत २४,०००. घेतल्याबरोबर बॅटरीला ४,०००. तीन वर्षे वापरून ४,००० रुपयांना विकला. हिशेब वर्षाला ८,००० रुपये.

दुकानात १३,००० रुपयांनी महाग वाटलेला दुसरा लॅपटॉप वापरात दर वर्षी सुमारे १,९०० रुपयांनी स्वस्त पडला. ही बचत कुठून आली ते मात्र नीट पाहायला हवे. हाच लॅपटॉप चार वर्षांनी १७,५०० रुपयांना विकला असता तर वर्षाचा खर्च १०,५०० रुपये आला असता आणि पहिल्या पर्यायाशी असलेला फरक अवघ्या ७५० रुपयांवर आला असता. महाग लॅपटॉपचा फायदा त्याच्या पाचव्या आणि सहाव्या वर्षात दडलेला असतो. दर तीन-चार वर्षांनी नवा घेणाऱ्याने टिकाऊपणासाठी जादा पैसे मोजले तर तो टिकाऊपणा पुढच्या मालकाच्या वाट्याला जातो.

बॅटरी किती वर्षे टिकते आणि ते ओळखायचे कसे?

लॅपटॉपमध्ये ठरलेल्या वेळी हमखास झिजणारा भाग एकच : बॅटरी. बाकीचे भाग बिघडतील किंवा बिघडणारही नाहीत. लिथियम-आयन बॅटरी मात्र कपाटात ठेवली तरी म्हातारी होते. साधारण लॅपटॉपच्या बॅटरीची क्षमता ३०० ते ५०० चक्रांनंतर मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते. काही कंपन्या यापेक्षा जास्त चक्रांचा दावा करतात. अ‍ॅपलच्या अलीकडच्या मॅकबुकसाठी हा आकडा १,००० आहे. एक चक्र म्हणजे एकूण १०० टक्के वापर. सोमवारी ६० टक्के आणि मंगळवारी ४० टक्के बॅटरी वापरली तर दोन दिवसांत मिळून एकच चक्र झाले.

आपल्या बॅटरीची अवस्था पाहायला दुकानात जावे लागत नाही. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून पुढची आज्ञा द्यावी.

```
powercfg /batteryreport
```

यातून एक फाइल तयार होते आणि ती कुठे साठवली ते पडद्यावर दिसते. ती ब्राउझरमध्ये उघडली की DESIGN CAPACITY म्हणजे मूळ क्षमता, FULL CHARGE CAPACITY म्हणजे आजची क्षमता आणि CYCLE COUNT म्हणजे झालेली चक्रे दिसतात. समजा मूळ क्षमता ५०,००० आणि आजची ३१,५०० आहे. म्हणजे बॅटरी ६३ टक्क्यांवर आली. नवा असताना पाच तास चालणारा लॅपटॉप आता त्याच कामाला तीन-सव्वातीन तास चालेल. काही मॉडेल चक्रांचा आकडा दाखवत नाहीत. तिथे पहिले दोन आकडे पुरेसे आहेत.

बॅटरीला सर्वाधिक मारते ती उष्णता आणि सतत १०० टक्के भरलेले राहणे. लॅपटॉप दिवसभर चार्जरला लावून, गादीवर ठेवून वापरला की दोन्ही गोष्टी एकत्र होतात. म्हणून ‘मी तर बॅटरीवर चालवतच नाही, तरी ती गेली कशी?’ या तक्रारीत नवल काही नाही. बहुतेक कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांच्या आसपास थांबवण्याची सोय त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा बायोसमध्ये असते. टेबलावर बसून काम करणाऱ्याने ती सुरू करावी आणि प्रवासाच्या आदल्या दिवशी बंद करावी. या एका सवयीने बॅटरी बदलण्याची वेळ बरीच पुढे ढकलता येते.

बदलायची केव्हा? बॅटरी फुगली असेल तर लगेच. टचपॅड वर उचलला जाणे, तो दाबला न जाणे, झाकण पूर्वीसारखे न मिटणे, टेबलावर लॅपटॉप डगमगणे ही तिची लक्षणे. असा लॅपटॉप चार्जिंगला लावू नये, बॅटरी दाबू किंवा टोचू नये. फुगलेली नसेल आणि प्लग कायम हाताशी असेल तर ६० टक्क्यांवरची बॅटरीही चालवता येते. जिथे दिवसातून दोन-तीन तास वीज जाते तिथे हाच निर्णय वेगळा होतो, कारण तिथे बॅटरी हीच यूपीएस असते.

कंपनीची बॅटरी घ्यावी की बाजारातली?

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्यातली तपकीर गल्ली, एकाच लॅपटॉपसाठी दोन-तीन दरांच्या बॅटऱ्या मिळतात. ‘ओरिजनल’, ‘ओईएम’ आणि ‘कम्पॅटिबल’ ही त्यांची नावे दुकानागणिक वेगवेगळ्या अर्थाने वापरली जातात, म्हणून नावापेक्षा बॅटरीवरचा मजकूर पाहावा. भारतात लिथियम बॅटऱ्यांसाठी बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. आयएस १६०४६ हे मानक आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बॅटरीवर छापलेला असायला हवा.

दुसरी तपासणी बसवल्यावरची. दुकानातच वरची आज्ञा पुन्हा द्यावी. नव्या बॅटरीत आजची क्षमता मूळ क्षमतेच्या जवळ हवी आणि चक्रे शून्य किंवा एक-दोन. चक्रे शे-दोनशे दिसली तर जुन्या लॅपटॉपमधून काढलेली बॅटरी नवी म्हणून बसवली गेली आहे. पावतीवर सहा महिन्यांची किंवा वर्षाची वॉरंटी लिहून घ्यावी, तोंडी नव्हे.

वॉरंटीबाबत आणखी एक बारकावा. लॅपटॉपची वॉरंटी तीन वर्षांची असली तरी अनेक कंपन्या बॅटरीला फक्त एक वर्ष देतात. बॅटरी साधारण तिसऱ्या वर्षी थकते. म्हणून वाढीव वॉरंटी घेताना ‘बॅटरी यात आहे का?’ हा प्रश्न आधी विचारावा आणि उत्तर कागदावर बघावे.

दुरुस्तीत सर्वाधिक पैसे कुठे जातात?

स्वस्त लॅपटॉपमध्ये वारंवार येणारा बिघाड म्हणजे बिजागरी. झाकण धरून ठेवणारी ही धातूची पट्टी प्लॅस्टिकच्या सांगाड्याला स्क्रूने जोडलेली असते. हे स्क्रू पितळेच्या छोट्या नळ्यांत बसतात आणि त्या नळ्या प्लॅस्टिकमध्ये रुतवलेल्या असतात. वापरात बिजागरी घट्ट होत जाते. झाकण उघडताना लागणारा जोर मग तिच्याऐवजी प्लॅस्टिकवर पडतो आणि एक दिवस नळी प्लॅस्टिकसह उखडते. झाकण एका कोपऱ्याला धरून उघडणाऱ्यांच्या बाबतीत हे लवकर घडते.

याची चाहूल आधी लागते. झाकण उघडताना कटकट आवाज येतो, एका कोपऱ्यात फट दिसते, स्क्रीनची चौकट सुटल्यासारखी होते. याच वेळी कारागिराकडे नेले तर बिजागरी थोडी सैल करून, नळी पुन्हा चिकटवून काही शे रुपयांत काम होते. ‘चालतंय तोवर चालू दे’ म्हणत राहिले की तुटलेली बिजागरी झाकण फाडते, स्क्रीनकडे जाणारी केबल तोडते आणि कधीकधी स्क्रीनलाही तडा देते. मग तेच काम काही हजारांवर जाते.

दुसरा मुद्दा कीबोर्डचा. पूर्वी कीबोर्ड चार स्क्रू काढून बदलता येत असे. आता अनेक पातळ लॅपटॉपमध्ये तो वरच्या कव्हरला प्लॅस्टिकच्या डझनावारी टाचण्या वितळवून जोडलेला असतो. दोन बटणे बिघडली तरी कारागिराला एकतर त्या सगळ्या टाचण्या तोडून नवा कीबोर्ड चिकटवावा लागतो, नाहीतर पूर्ण कव्हर बदलावे लागते. पहिला उपाय स्वस्त, पण टायपिंग करताना मधला भाग दबतो. दुसरा पक्का, पण महाग.

तिसरा आणि सर्वांत मोठा खर्च मदरबोर्डचा. प्रोसेसर त्यालाच जोडलेला असतो. पातळ लॅपटॉपमध्ये रॅमही तशीच. इंटेलच्या ‘कोअर अल्ट्रा २००व्ही’ मालिकेत आणि अ‍ॅपलच्या एम मालिकेत तर रॅम प्रोसेसरच्याच पाकिटात असते. त्यामुळे बोर्डवरचा एक बारीक भाग गेला तरी अधिकृत सेवा केंद्र बहुधा अख्खा बोर्ड बदलायला सांगते आणि तो खर्च जुन्या लॅपटॉपच्या किमतीएवढा होऊ शकतो. बाहेरचे कुशल कारागीर ‘चिप लेव्हल’ काम करतात, म्हणजे बिघडलेला भाग शोधून तेवढाच बदलतात. याला खर्च कमी येतो, पण यश बिघाडाच्या कारणावर अवलंबून असते. चार्जिंगच्या मार्गातला शॉर्ट झालेला भाग बदलता येतो. चहा सांडून सगळीकडे गंज पकडलेला बोर्ड दुरुस्त झाला तरी पुन्हा बंद पडण्याची शक्यता राहते. अशा कामाला किमान एक ते तीन महिन्यांची वॉरंटी मागावी आणि बोर्ड उघडण्याआधी अंदाजित खर्च लिहून घ्यावा.

‘आत्ता ८ जीबी घ्या, पुढे वाढवा’ हा सल्ला अजून लागू आहे का?

बरीच वर्षे हा सल्ला शहाणपणाचा होता. रॅम स्वस्त होत जायची आणि दोन वर्षांनी ती अर्ध्या पैशात वाढवता यायची. आता दोन कारणांनी हे गणित डळमळले आहे. एक तर अनेक लॅपटॉपमध्ये खाचच नाही, त्यामुळे ‘पुढे’ ही सोयच उरलेली नाही. दुसरे, रॅमचा भाव चढता असताना पुढे ती स्वस्तच मिळेल असे धरून चालता येत नाही.

म्हणून खरेदीच्या वेळी प्रोसेसर एक पायरी खालचा घेऊन रॅम १६ जीबी घेणे बहुतेकांना फायद्याचे पडते. प्रोसेसर जुना झाला की काम सावकाश होते. रॅम अपुरी पडली की ब्राउझरच्या दहा खिडक्या आणि एक व्हिडिओ कॉल यातच लॅपटॉप अडकतो आणि मालक तो विकायला काढतो. आपल्या पहिल्या उदाहरणातला लॅपटॉप चौथ्या वर्षी निकामी झाला तो असा. त्यात बिघाड काहीच नव्हता. एसएसडी मात्र बहुतेक विंडोज लॅपटॉपमध्ये अजून एम.२ खाचेत असते आणि नंतर बदलता येते, त्यामुळे तिथे सुरुवातीला कमी घेतले तरी चालते.

दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

या वेळी आपण हमखास एक चूक करतो. ‘४५ हजार घातलेत, आता कसा टाकून देऊ?’ असा विचार येतो. ते पैसे गेलेले आहेत. दुरुस्त केला काय, न केला काय, ते परत येणार नाहीत. मोजायचे ते इथून पुढचे.

उदाहरणातल्या पहिल्या लॅपटॉपची स्क्रीन तीन वर्षांनी फुटली असे समजू. नवी स्क्रीन ७,००० रुपयांची. ती टाकली तर लॅपटॉप आणखी दीड वर्ष चालेल. आहे तसा फुटका विकला तर ४,००० मिळतील. दुरुस्त करून दीड वर्षाने विकला तर ६,०००. म्हणजे दुरुस्तीचे ७,००० अधिक आज सोडलेले ४,०००, वजा पुढे मिळणारे ६,०००, असे ५,००० रुपये दीड वर्षासाठी पडले. वर्षाला सुमारे ३,३३० रुपये. नवा लॅपटॉप वर्षाला नऊ ते अकरा हजारांना पडतो, हे वर पाहिलेच. स्क्रीन बदलणे स्पष्टपणे फायद्याचे.

आता स्क्रीनऐवजी मदरबोर्ड गेला आणि खर्च २०,००० सांगितला तर? त्याच रीतीने १८,००० रुपये दीड वर्षासाठी, म्हणजे वर्षाला १२,०००. नव्यापेक्षाही महाग. इथे चिप लेव्हल दुरुस्ती जमते का ते पाहावे, नाहीतर लॅपटॉप सोडून द्यावा. ‘दुरुस्ती किमतीच्या निम्म्यापेक्षा जास्त असेल तर नवा घ्या’ हा प्रचलित नियम ढोबळ आहे. लॅपटॉप पुढे किती वर्षे चालणार, हा त्यातला खरा आकडा तो नियम विचारातच घेत नाही.

विकताना किंमत कशावर ठरते?

लॅपटॉपचा भाव पहिल्या वर्षी सर्वांत जास्त उतरतो आणि नंतर उतार मंदावतो. वॉरंटी शिल्लक असताना विकला तर ग्राहकाला धीर असतो, म्हणून वॉरंटी संपण्याच्या आधीचे दोन-तीन महिने आणि नंतरचे दोन-तीन महिने यांत भावाचा फरक पडतो. बिल आणि मूळ चार्जर जपून ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. बिल नसले की लॅपटॉप चोरीचा नाही ना, अशी शंका येते आणि भाव पाडला जातो. उलट विकण्यासाठी म्हणून नवी बॅटरी टाकण्यात बहुधा अर्थ नसतो, कारण तिचा पूर्ण पैसा वसूल होत नाही. ग्राहक पाहतो ती बिजागरी, स्क्रीनवरचे डाग आणि कीबोर्ड.

‘जुना द्या, नवा घ्या’ योजनेत जुन्याला किती भाव लावला यापेक्षा नव्याचा अंतिम भाव किती झाला ते पाहावे. तोच नवा लॅपटॉप जुना न देता दुसरीकडे कितीला मिळतो ते विचारावे. दोन्हींतला फरक हाच आपल्या जुन्या लॅपटॉपला मिळालेला खरा भाव. विकण्याआधी आपल्या खात्यातून बाहेर पडून लॅपटॉप पूर्ण रीसेट करावा. खाते जोडलेलेच राहिले तर नव्या मालकालाही त्रास होतो.

पुनर्विक्रीवर सॉफ्टवेअरचाही मोठा परिणाम होतो. विंडोज ११ ला अधिकृतपणे टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. सातव्या पिढीचा लॅपटॉप सुस्थितीत असला तरी विंडोज १० चा आधार संपल्यावर त्याचा बाजार आटला. घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षा अद्ययावत करण्याची वाढीव मुदतही ऑक्टोबर २०२६ पर्यंतच ठेवली गेली. रिफर्बिश्ड लॅपटॉप घेणाऱ्याने म्हणूनच सर्वांत आधी प्रोसेसरची पिढी पाहावी. आपल्या तिसऱ्या पर्यायाचे वर्षाला ८,००० रुपये तेव्हाच खरे ठरतात, जेव्हा त्याला पुढची तीन वर्षे सुरक्षा अपडेट मिळत राहतात. मिळणार नसतील तर तो स्वस्त लॅपटॉप वर्षभरात महाग होतो.

हे सगळे खरेदीआधी कळू शकते का?

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण द्यावे लागतात. लॅपटॉप उघडणे किती सोपे, दुरुस्तीची माहिती मिळते का, सुटे भाग किती वर्षे मिळतील आणि त्यांची किंमत नव्या लॅपटॉपच्या तुलनेत किती, हे त्यात मोजले जाते. युरोपीय संघाच्या बॅटरी नियमावलीनुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणांतल्या लहान बॅटऱ्या काही अपवाद वगळता वापरणाऱ्याला स्वतः काढता-बदलता यायला हव्यात. जागतिक बाजारासाठी एकच मॉडेल बनवणाऱ्या कंपन्यांनी त्यानुसार रचना बदलली तर फायदा आपल्याकडेही पोहोचेल.

भारतात ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. २०२४ मध्ये भरत खेरा यांच्या अध्यक्षतेखाली दुरुस्तीयोग्यता निर्देशांकासाठी समिती नेमली आणि तिने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. सुरुवातीचा भर मात्र स्मार्टफोन आणि टॅबलेटवर आहे. लॅपटॉपच्या खोक्यावर असे गुण दिसेपर्यंत हे काम ग्राहकालाच करावे लागेल.

ते अर्ध्या तासाचे आहे. मॉडेलचे पूर्ण नाव घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावर त्याचे सर्व्हिस मॅन्युअल शोधावे. ते सर्वांसाठी खुले असेल तर बॅटरी किती स्क्रू काढून निघते, रॅमला खाच आहे का, कीबोर्ड सुटा मिळतो का, हे चित्रांसह दिसते. मॅन्युअल सापडतच नसेल तर तेही एक उत्तर आहे. मग आपल्या शहरातल्या सेवा केंद्राला फोन करून त्या मॉडेलची बॅटरी, कीबोर्ड आणि स्क्रीन बसवून कितीला पडेल ते विचारावे. या तिन्ही आकड्यांची बेरीज लॅपटॉपच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल, तर किमतीच्या पाटीवर दिसलेली सूट पुढे तिथेच परत जाणार आहे. आणि शेवटी स्वतःलाच विचारावे : हा लॅपटॉप मी खरोखर किती वर्षे वापरणार? वर्षाचा खर्च ठरवणारा सर्वांत मोठा आकडा हाच, आणि तो विक्रेत्याला माहीत नसतो.